टाकीच्या आधी विहीर दाखवा

ग्रामसभेत पडद्यावर टाकीचे रंगीत चित्र येते, खाली अंदाजपत्रकाचा आकडा येतो आणि हात वर होतात. माझ्या मते ते चित्र मधे कुठेतरी असावे. सादरीकरणाची सुरुवात उद्भव विहिरीपासून व्हायला हवी, कारण टाकी पाणी साठवते, निर्माण करत नाही.

समजा, गावाची लोकसंख्या १,८०० आहे आणि पुढची वाढ धरून २,४०० होईल. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर १,३२,००० लिटर लागतील. पंप आठ तास चालणार असेल, तर विहिरीने तासाला साडेसोळा हजार लिटर दिले पाहिजेत. हे पाणी मे महिन्यात मिळते का, एवढेच पहिल्या पानावर हवे. पावसाळ्यानंतरची उपसा चाचणी दाखवली, तर तो अहवाल स्वीकारू नका. आपल्या काळ्या खडकात भूजल थोडे आणि उथळ असते. दिवाळीला काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते.

दिवसाचे पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा सोडायचे, म्हणजे टाकी निम्म्या गरजेची, सुमारे ६५ ते ७० हजार लिटरची पुरते. क्षमतेपेक्षा घोळ होतो तो उंचीत. टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटरवर आहे आणि वरची वाडी टाकीच्या जागेपेक्षा ८ मीटर उंचावर आहे, असे धरा. तिथे उरतात फक्त ४ मीटर. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक किलो दाब देते. इथे अर्धा किलोही नाही आणि त्यातला काही पाइपातल्या घर्षणात जातो. सकाळी खालच्या आळीचे नळ उघडले की वाडीचे कोरडे पडतात. म्हणून सर्वांत उंच घराची पातळी मोजून नकाशावर लिहिलेली असावी. ती नसेल, तर जागा बदलण्याची वेळ ठरावाआधीच असते.

शेवटचे पान खर्चाचे, पण बांधकामाच्या नव्हे, महिन्याच्या. आजच्या लोकसंख्येला रोज ९९,००० लिटर पाणी एकूण ४० मीटर चढवायला, पंपाची निम्मी कार्यक्षमता धरून, रोज सुमारे २२ युनिट वीज लागेल. युनिट ७ रुपये धरल्यास महिन्याचे ४,६२० रुपये होतात. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे ८,००० आणि टीसीएल पावडर व दुरुस्तीचे ३,००० धरले की १५,६२० रुपये. चारशे घरांनी भरले तर घरामागे सुमारे ३९ रुपये, शंभर घरांनी थकवले तर उरलेल्यांवर ५२. वीजबिल थकून पंपाची जोडणी तुटली, तर नवी टाकीही रिकामीच राहते.

उन्हाळ्यातला उपसा, सर्वांत उंच घराची पातळी आणि घरामागची पाणीपट्टी हे तीन आकडे ठरावात लिहून इतिवृत्तात नोंदवा आणि मगच हात वर करा.