विश्वोत्पत्तीच्या कथा : भाग ४ – सूर्याआधीचा उजेड

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पहिल्या दिवशी उजेड निर्माण करतो. तिसऱ्या दिवशी जमिनीवर गवत, धान्य आणि फळझाडे उगवतात. सूर्य आणि चंद्र मात्र येतात चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली?

हा प्रश्न आधुनिक विज्ञानाने उभा केला, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने तो स्पष्ट विचारला होता. सूर्याविना दिवस मोजणे त्याला अशक्य वाटले, आणि ही विसंगती म्हणजे मजकुरात गूढ अर्थ दडल्याची खूण आहे, असे त्याने मानले. रूपकात्मक वाचनाची ही नेहमीची वाट आहे : वरवरचा अर्थ जिथे अडतो, तिथून ते आत शिरते.

चौथ्या शतकातल्या बेसिलने मात्र शब्द जसेच्या तसे घेतले. त्याच्या मते उजेड आधी झाला आणि सूर्य हे त्या उजेडाचे वाहन म्हणून नंतर घडवले गेले. वनस्पती सूर्याआधी का? जीवन सूर्यापासून येते असे समजून कोणी त्याची पूजा करू नये म्हणून, असे उत्तर त्याने दिले. शब्दार्थाला धरून राहणारा वाचक विचार करत नाही, असे मानणाऱ्यांनी बेसिल जरूर वाचावा. ऑगस्टीनने तर वर्गवारीच अवघड करून ठेवली. उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर म्हणून लिहिलेल्या ग्रंथात तो सांगतो, की सारे एकदमच निर्माण झाले. दिवस म्हणजे काळाचे तुकडे नव्हेत. आज आपण याला शब्दशः वाचन म्हणणार नाही. म्हणून अभ्यासकाने लेखकाच्या दाव्यावर न थांबता त्याची प्रत्यक्ष पद्धत तपासावी.

ऐतिहासिक वाचन वेगळा प्रश्न विचारते : हे कोणी, कोणत्या काळात, कोणासाठी लिहिले? निनवे येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरून जॉर्ज स्मिथने 1876 मध्ये बॅबिलोनी सृष्टिकथा प्रसिद्ध केली. तिच्यात मार्दुक तियामतला मारून तिच्या देहाच्या अर्ध्या भागाचे आकाश करतो. बॅबिलोनमध्ये सूर्य आणि चंद्र, शमश आणि सिन, हे देव होते. उत्पत्तीचा हा अध्याय इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे यहुदी लोकांच्या बॅबिलोनमधल्या बंदिवासाच्या किंवा त्यानंतरच्या काळातला, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर सूर्य-चंद्रांची नावेही न घेता त्यांना नुसते मोठी आणि लहान ज्योती म्हणणे, आणि तेही चौथ्या दिवशी, हे जेत्यांच्या देवांना दिलेले उत्तर ठरते.

इथे घाई मात्र करू नये. दोन कथांतले साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. आदिम पाण्याची कल्पना त्या साऱ्या प्रदेशात होती. मला लक्षणीय वाटते ते असे, की बॅबिलोनच्या पाट्या न पाहताही बेसिल सूर्यपूजेच्या मुद्द्यावर पोहोचला होता, आणि तेही निव्वळ मजकुराच्या क्रमावरून.

पुढील भागात : उत्पत्तीचा दुसरा अध्याय, जिथे माणूस प्राण्यांच्या आधी घडवला जातो.