गोड्या पाण्याचे झाकण

आपल्या जामबागेजवळून वाहणारी मुसी पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नाशिककडची गोदावरीही शेवटी तिथेच जाते. नद्यांचे हे गोडे पाणी समुद्रात गेल्यावर लगेच खाऱ्या पाण्यात मिसळून जाते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते बराच काळ खाऱ्या पाण्याच्या वर पसरून राहते, कारण ते हलके असते. उत्तर ध्रुवाकडचे बर्फ वितळल्याने जगातील खोल समुद्रप्रवाह मंदावतील, ही जी चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तिचे मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

आधी हा प्रयोग घरी करून पाहा. अर्धा लिटर कोमट पाण्यात तीन चहाचे चमचे मीठ विरघळवा. समुद्रात मिठाचे प्रमाण साधारण एवढेच, म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम असते. हे पाणी काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत भरा. दुसऱ्या भांड्यात बर्फाचे थंडगार, बिनमिठाचे पाणी घेऊन त्यात शाईचे दोन थेंब टाका. आता चमचा पाण्याच्या पातळीला टेकवून त्यावरून हे निळे पाणी अगदी हळू सोडा. थंड पाणी जड असते हे आपण शिकलो आहोत, तरीही येथे थंड पाणी वर राहील आणि कोमट पाणी खाली. मिठाने थंडीवर मात केली.

समुद्राचे पाणी जड की हलके, हे या दोन गोष्टींवर ठरते. पाणी थंड झाले की जड होते आणि खारट झाले तरी जड होते. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हा पुस्तकातील नियम मात्र गोड्या पाण्यासाठी आहे. समुद्राचे पाणी गोठेपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे 2 अंशांपर्यंत, जड होतच जाते.

आता खरी मेख पाहू. या दोहोंचा जोर सगळीकडे सारखा नसतो. आपल्याकडच्या 28 अंशांच्या गरम समुद्रात किलोमागे एक ग्रॅम मीठ कमी झाले, तर ते पाणी दोन-सव्वादोन अंशांनी तापवल्याइतके हलके होते. ध्रुवाकडच्या गारठलेल्या समुद्रात हिशेब बदलतो. तेथे 35 ग्रॅम मिठाचे 8 अंशांचे पाणी आणि 34 ग्रॅम मिठाचे 0 अंशांचे पाणी यांचे वजन जवळजवळ सारखेच भरते. म्हणजे एका ग्रॅमची उणीव भरून काढायला आठ अंशांची थंडी खर्च होते. पाणी जितके थंड, तितका तापमानाचा प्रभाव कमी आणि मिठाचा जास्त. म्हणून बर्फाळ प्रदेशात थोडेसे गोडे पाणीही मोठा फरक करते.

त्या प्रदेशात घडते काय? अटलांटिक महासागरात विषुववृत्ताकडून गरम आणि खारट पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते. वाटेत बाष्पीभवनाने त्याचा खारटपणा टिकून राहतो. ग्रीनलंड, आइसलँड आणि नॉर्वेजवळ पोहोचल्यावर हिवाळ्यातील बोचरे वारे त्याची उष्णता काढून घेतात. मीठ तेवढेच आणि पाणी थंड, त्यामुळे ते जड होऊन खाली जाते आणि दोन-तीन किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे वाहू लागते. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात जोरदार पश्चिमी वारे त्यातील बरेचसे पाणी पुन्हा वर ओढतात. संपूर्ण फेरीला शेकडो ते हजारभर वर्षे लागतात.

या प्रवाहाचे मोजमाप 2004 पासून अटलांटिकमध्ये 26 अंश उत्तर अक्षांशावर सतत चालू आहे. ब्रिटन आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी तेथे आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत समुद्राच्या तळाशी नांगरलेल्या तारांवर उपकरणे लावली आहेत. सरासरी दर सेकंदाला सुमारे 170 लाख घनमीटर पाणी उत्तरेकडे जाते, आणि जवळपास तेवढेच खोलातून परत येते. पैठणचे जायकवाडी धरण काठोकाठ भरलेले असेल, तर ते या वेगाने तीन मिनिटांत रिकामे होईल!

आता झाकणाकडे वळू. ग्रीनलंडच्या भूमीवरील बर्फ गेली वीसेक वर्षे सरासरी दरवर्षी सुमारे 270 घनकिलोमीटर पाण्याइतके घटत आहे. आपल्या गोदावरीतून वर्षभरात जेवढे पाणी वाहते, त्याच्या दुपटीहून हे अधिक आहे. वर सांगितलेल्या प्रवाहापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे पाणी सगळ्या महासागरात सारखे मिसळत नाही. ते पृष्ठभागावर राहते, आणि त्यातील काही भाग नेमका पाणी बुडण्याच्या जागी पोहोचतो. तेथे ते आपल्या पेल्यातील निळ्या पाण्यासारखे वर बसते. हिवाळ्यात वरचा थर गारठतो, पण मीठ कमी असल्याने पुरेसा जड होत नाही. खालचे खारट पाणी झाकले जाते आणि त्याची उष्णता बाहेर पडत नाही.

समुद्रावर तरंगणारे बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, हे तुम्ही शिकला असाल. ते खरे आहे. पण ते बर्फ जवळजवळ बिनमिठाचे असते. म्हणून पातळी वाढली नाही तरी खारटपणा कमी होतोच.

हे केवळ कागदावरचे गणित नाही, एकदा घडून गेलेले आहे. 1960 नंतरच्या दशकाच्या शेवटी उत्तर ध्रुवाकडून नेहमीपेक्षा खूप जास्त बर्फ आणि गोडे पाणी ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याने खाली आले. आइसलँडच्या किनाऱ्याला त्या वर्षांत तरंगते बर्फ येऊन लागले. ते गोडे पाणी पुढे ग्रीनलंड आणि कॅनडा यांमधील लॅब्राडोर समुद्रात शिरले. तेथे ब्रॅव्हो या ठिकाणी हवामानाची नोंद घेणारे जहाज उभे असे आणि त्यावरून पाण्याचे तापमान व क्षारता नियमित मोजली जाई. एरवी तेथे कडक हिवाळ्यात पाणी हजार मीटरहून खोलपर्यंत ढवळून निघते. 1969 ते 1971 या सलग तीन हिवाळ्यांत हे ढवळणे वरच्या थोड्याशा थरातच थांबले. ते हिवाळे सौम्यही होते, त्यामुळे झाकण टिकून राहिले. 1972 चा हिवाळा अतिशय कडक निघाला, तेव्हा कुठे झाकण फुटले आणि पाणी पुन्हा खोल जाऊ लागले. तेव्हा गोड्या पाण्याची ती लाट येऊन निघून गेली होती. ग्रीनलंडचे वितळणे मात्र वर्षानुवर्षे चालू आहे, हा त्यातील फरक.

असेच झाकण आपल्या दाराशीही आहे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा या नद्यांचे आणि पावसाचे इतके पाणी येते की पावसाळ्यानंतर उत्तर भागात क्षारता 30 च्याही खाली उतरते. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त असल्याने ती 36 च्या आसपास असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये या दोन समुद्रांची तुलना करून दाखवले की अरबी समुद्रावर वारे जोरदार असल्याने वरचे पाणी ढवळले जाऊन थंड होते, तर बंगालच्या उपसागरात मंद वारे आणि गोडा थर यांमुळे ढवळणे अडते आणि पृष्ठभाग गरमच राहतो. तेथे वारंवार ढग व पाऊस तयार होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

अटलांटिकचा प्रवाह मंदावला तर आपल्याला काय? हा प्रवाह दक्षिणेची उष्णता उत्तर गोलार्धात नेतो. ती कमी पोहोचली तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, असे संगणकावरील हवामान-प्रारूपे दाखवतात. अरबी समुद्राच्या तळातील गाळानेही अशी साक्ष दिली आहे. हजारो वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक जेव्हा एकाएकी थंड झाला, तेव्हा आपला मान्सूनही क्षीण झाला होता. मराठवाडा आणि तेलंगणाची शेती ज्या पावसावर उभी आहे, त्याचा धागा असा ग्रीनलंडपर्यंत जातो.

मग प्रवाह आताच मंदावला आहे का? येथे घाई करू नये. 2009-10 मध्ये हा प्रवाह वर्षभर सुमारे 30 टक्क्यांनी घटला आणि नंतर सावरला. असे चढउतार नैसर्गिकही असतात. सलग मोजमाप 2004 पासूनचेच असल्याने कायमची घट कोणती आणि तात्पुरती कोणती, हे वेगळे करायला आणखी वर्षे लागतील. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने 2021 च्या अहवालात म्हटले की या शतकात प्रवाह मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. मात्र 2100 पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, असा तिचा मध्यम खात्रीचा अंदाज होता. मध्यम खात्री म्हणजे पूर्ण खात्री नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

हे मोजण्याचे एक केंद्र आपल्याच शहरात आहे. प्रगतीनगरमधील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, येथे अर्गो नावाच्या तरंगत्या यंत्रांची भारतातर्फे माहिती जमा होते. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार यंत्रे आहेत. प्रत्येक यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाकडे पाठवते. क्षारता मोजण्यासाठी पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतात. कालांतराने मोजनळीवर शेवाळ किंवा घाण बसते आणि आकडे हळूहळू चुकू लागतात. ही चूक ओळखण्याची युक्ती छान आहे. खूप खोलवरच्या पाण्याची क्षारता वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. यंत्र तेथेही बदल दाखवू लागले तर समुद्र बदलला नसून यंत्र बिघडले आहे असे समजतात, आणि आकडे दुरुस्त करतात किंवा बाजूला ठेवतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पेल्यातील प्रयोग करून निळा थर किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून लिहावे. नंतर मीठ निम्मे करून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळांतील फरक वहीत मांडून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावा.