बोट नेमकं कुठे थबकतं?

मोबाइलवरून एखाद्याला पहिल्यांदा पैसे पाठवायचे तर अनेकदा आधी त्याचं खातं अ‍ॅपमध्ये जोडावं लागतं. नाव, खाते क्रमांक, तोच क्रमांक पुन्हा आणि आयएफएससी कोड, असे चारच रकाने. तरीही इथे माणसं अडखळतात. दोष फॉर्मचा आहे का, हे अ‍ॅप बाजारात येण्याआधीच तपासता येतं.

त्यासाठी पडद्यांचा कच्चा नमुना पुरतो. वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा जणांना एकेकटं बसवायचं, हातात नमुन्याचं पासबुक द्यायचं आणि सांगायचं, “हे खातं जोडा. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.” मग आपण गप्प बसायचं. मदत केली की तपासणी तिथेच संपली. बोट, पडदा आणि चेहरा दिसेल असं चित्रीकरण केलं, तर रकान्यावर बोट टेकल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंतचा वेळ नंतर मोजता येतो.

पण नुसता वेळ फसवतो. आयएफएससीच्या रकान्यापाशी दहा सेकंद थांबलेली बाई पासबुकात कोड शोधत असेल, तर ते थांबणं कामाचाच भाग आहे. तिची नजर पासबुकाकडे न जाता पुन्हा पुन्हा रकान्याच्या नावावर येत असेल, तर ते नावच तिला कळलेलं नाही. जागा वाचवायला हे नाव अनेकदा रकान्याच्या आत फिकट अक्षरांत टाकतात. लिहायला लागलं की ते नाहीसं होतं आणि माणूस लिहिलेलं खोडून ते पुन्हा बघतो. असं खोडणं दिसलं, तर नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असं हलवावं. मात्तेओ पेन्झो यांनी २००६ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून केलेल्या चाचणीतही डावीकडच्या नावापेक्षा वरच्या नावावरून नजर रकान्यात लवकर पोचली होती.

चुकीच्या सूचनेची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. पुष्कळ जण तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात. अ‍ॅप म्हणतं, “माहिती अवैध आहे.” आता बोट कुठे जातं ते पाहा. ते खाते क्रमांक तपासायला गेलं, तर सूचनेने माणसाला भलत्याच रकान्यात पाठवलं. तो बटणच पुन्हा पुन्हा दाबत राहिला, तर सूचना पानाच्या वरच्या टोकाला, त्याच्या नजरेबाहेर उमटली असणार. हा मांडणीचा दोष. त्याच रकान्याखाली “पाचव्या जागी ‘ओ’ नाही, शून्य हवं” असं लिहिलं की काम सरळ होतं. त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅपनेच ‘ओ’चं शून्य करावं, कारण त्या जागी दुसरं काही येऊच शकत नाही.

या तपासणीला एक मर्यादा आहे. नमुन्याच्या खात्यात स्वतःचे पैसे नसतात, म्हणून शेवटचं बटण दाबतानाची खरी भीती इथे दिसत नाही. ती अ‍ॅप वापरात आल्यावरच्या नोंदींतून शोधावी लागते आणि त्या नोंदी माणूस कुठे थांबला एवढंच सांगतात. दुरुस्ती केल्यावर मात्र नवी माणसं बोलवावीत. आधीच्यांना शून्याची जागा आता पाठ झालेली असते.