दोन दिवस दिसला नाहीत?

पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या जुन्या अमृततुल्यात सकाळी साडेसहाला उभं राहावं. खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटला जात असतो, पितळी पातेल्यात दुधातच चहा उकळत असतो, आणि पहिली सात-आठ गिऱ्हाइकं तोंडाने काही मागतच नाहीत. माणूस पायरीशी दिसला की त्याचा कप भरायला घेतला जातो. येणारा कोपऱ्यातल्या माणसाकडे पाहून मान हलवतो. “काय म्हणताय?” “चाललंय.” एवढ्यावर दोघंही आपापल्या चहाकडे वळतात. रोज हेच चालतं, आणि वर्षानुवर्षं चालतं.

यातलेच काही चेहरे नऊ वाजता वाचनालयाच्या पेपरच्या खोलीत भेटतात आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर. एकमेकांचं आडनाव बहुतेकांना ठाऊक नसतं. ओळखीसाठी ‘बँकवाले काका’, ‘टोपीवाले’, ‘पावणेसातवाले’ अशी नावं पुरतात. मुलगा काय करतो हे माहीत नसतं, पण साखर किती लागते, पेपरचं कुठलं पान आधी उघडतात, बाकाच्या कुठल्या टोकाला बसतात हे नेमकं माहीत असतं. माणसाची ही माहिती अगदी वेगळ्या प्रकारची आहे. त्यात पत्ता नाही, पण वेळापत्रक आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांनी 1972 साली अशा माणसांवर लिहिलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या लोकलच्या फलाटांवर रोजच्या प्रवाशांचे फोटो काढले आणि पुढे तेच फोटो त्याच प्रवाशांना दाखवून विचारलं, यातले कोण ओळखीचे वाटतात, आणि कोणाशी बोलता? सरासरी चार चेहरे ओळखीचे निघाले, पण त्यांच्याशी कधी बोलणं झालेलं नव्हतं. बोलण्यातली माणसं त्याहून कमी होती. मिलग्राम यांच्या मते हे न बोलणं म्हणजे तुटकपणा नव्हे. दोघांनी न ठरवता पाळलेला तो करार आहे. आणि वेळ आली तर करार बाजूलाही ठेवला जातो. ब्रुकलिनच्या रस्त्यावर एक बाई कोसळली, तेव्हा तिला कित्येक वर्षं फक्त पाहून ओळखणारी, कधीही न बोललेली शेजारीण ॲम्ब्युलन्समध्ये बसून तिच्यासोबत रुग्णालयात गेली, असं उदाहरण त्यांनी दिलं आहे.

आपल्याकडच्या टपरीवर, वाचनालयात, बागेत हा करार एक पाऊल पुढे जातो, कारण इथे गाडी पकडायची घाई नसते. पण हे पाऊल पडायला वेळ लागतो. सुरुवातीला दोन माणसं फक्त एकाच वेळी एकाच जागी असायला लागतात. यात बागेचं वेळापत्रक मोठं काम करतं. पुण्यातल्या महापालिकेच्या बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. त्यामुळे माणसं चोवीस तासांत विखरत नाहीत, ठरावीक दोन पट्ट्यांत एकत्र येतात. मग नजर भेटते आणि लगेच दुसरीकडे वळते. काही आठवड्यांनी हनुवटी किंचित हलते.

पहिला शब्द मात्र आपोआप येत नाही, त्याला काहीतरी बिघडावं लागतं. अवकाळी पाऊस येतो आणि चौघं एकाच पत्र्याखाली अडकतात. दुधाची गाडी येत नाही आणि चहाला उशीर होतो. दिवाळीत पेपरला सुट्टी असते, हे विसरून तीन माणसं रिकाम्या उतरत्या टेबलापाशी येऊन उभी राहतात. त्या दिवशी जे दोन शब्द निघतात, ते दुसऱ्या दिवसापासून नमस्कार होऊन राहतात. हा नमस्कार बातमी विचारत नाही. “काय म्हणताय?” याला कोणी आजाराची यादी सांगू लागला तर ऐकणारा गोंधळतो. विचारणाऱ्याने तुमची नोंद घेतली आणि तुम्ही ती पोचल्याचं सांगितलं, एवढाच तो व्यवहार आहे.

यातून मंडळी तयार झाली आहे की नाही, हे ओळखायची माझ्या मते एकच भरवशाची खूण आहे. माणूस आपण येणार नसल्याचं आधी सांगू लागतो. “उद्यापासून चार दिवस नाही हं, नाशिकला चाललोय.” हे तो कोणाला सांगतो? ज्याचं आडनाव माहीत नाही अशा माणसाला. आपण दिसलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, अशी खात्री असल्याशिवाय कोणी असं बोलत नाही.

ही खात्री कितपत खरी ठरते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. मुलगा परगावी आहे. पावणेसातला चहा, नऊला वाचनालय, साडेपाचला बाग असा त्यांचा दिवस. एका सोमवारी ते चहाला येत नाहीत. पहिल्या दिवशी कोणी काही बोलत नाही, कारण एक दिवस कोणाचाही चुकतो. मंगळवारी चहावाला सहज म्हणतो, “मास्तर दिसले नाहीत.” कोणीतरी उत्तर देतं, “मे महिना आहे, गेले असतील मुलाकडे.”

चूक होते ती इथेच. मे महिन्यात, गणपतीत, दिवाळीत न दिसण्याला एक तयार कारण हाताशी असतं आणि ते चटकन पटतं. त्याच दिवसांत शेजारचे ब्लॉकही कुलूपबंद असतात. म्हणजे माणसाला मदत लागण्याची शक्यता जेव्हा जास्त, तेव्हाच काळजी कमी घेतली जाते. तिथे चहावाल्याचा हिशेब उपयोगी पडतो. मास्तरांचं आठवड्याचं खातं शनिवारी चुकतं व्हायचं. गावाला जाताना ते आधी पैसे देऊन जायचे. या वेळी पैसे बाकी आहेत आणि जाण्याबद्दल ते काही बोललेही नाहीत. दोन्ही गोष्टी जुळत नाहीत म्हटल्यावर ‘गेले असतील’ हे उत्तर टिकत नाही.

पण पुढे जायचं कुठे? चहावाल्याला त्यांची बिल्डिंग साधारण कोणत्या बाजूला आहे तेवढं ठाऊक आहे. बाकावरच्या मंडळींना तेही नाही. पत्ता आहे तो फक्त वाचनालयाकडे, कारण पुस्तकं घरी न्यायची तर अर्ज भरावा लागतो, अनामत ठेवावी लागते. काउंटरवरच्या बाईंना कोणी जाऊन सांगितलं, तर त्या अर्ज काढून फोन लावू शकतात. फोन उचलला नाही, तर कोणीतरी जिना चढून दार वाजवू शकतं. ही साखळी पुरी झाली तर बुधवारी दुपारपर्यंत मास्तरांची खबर लागते. एक कडी निसटली तर आठवडा जातो. तीन ठिकाणांपैकी चहावाल्याला गैरहजेरी सगळ्यात आधी जाणवते आणि पत्ता वाचनालयाकडे असतो. बागेतल्या बाकाकडे दोन्ही नाही. गप्पा मात्र सगळ्यात जास्त तिथेच होतात.

अशा ओळखीने जीव वाचतो का, याचा कठोर अभ्यास शिकागोत झाला. जुलै 1995 मध्ये तिथे उष्णतेच्या लाटेने सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं खूप होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे एकटे राहणारे गरीब वृद्ध होते, ऊन सारखंच होतं, पण नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर जवळपास दहापट होता. त्यांच्या मते फरक रस्त्याचा होता. साउथ लॉनडेलमध्ये दुकानं चालू होती, पदपथांवर वर्दळ होती, म्हातारी माणसं रोज खाली उतरत होती. दुसरीकडे दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, त्यामुळे वृद्ध घरात कोंडून घेऊन बसले. क्लिननबर्ग यांच्या निष्कर्षावर पुढे वादही झाले, तरी मुद्दा आपल्या कामाचा आहे. नमस्कार करणारी माणसं चांगली असून भागत नाही, रोज खाली उतरावंसं वाटेल असं ठिकाण जिवंत असावं लागतं. रस्तारुंदीत एक टपरी हलली, तर पंधरा-वीस माणसांचं एकमेकांवरचं लक्ष तिच्यासोबत उठतं. नवी टपरी चार दिवसांत उभी राहते. ते लक्ष जमायला वर्षं लागतात.

मार्च 2020 मध्ये तर तिन्ही ठिकाणं एकदमच बंद झाली. कित्येक महिन्यांनी बागा उघडल्या तेव्हा बाकांवर काही जागा रिकाम्या होत्या, आणि ती माणसं मुलांकडे गेली, आजारी आहेत की आता नाहीतच, हे विचारायला कोणाकडे ना नाव होतं ना नंबर. माझ्या ओळखीचे काही चेहरे त्यांत होते. त्यांच्याबद्दल मला आजही काही कळलेलं नाही, आणि ते मनातून जात नाही.

या मंडळीच्या मर्यादाही आहेत. टपरीवरची सकाळ अजून बहुतांशी पुरुषांची आहे. वाचनालयात बाया पुस्तक बदलायला येतात. पेपरच्या खोलीत बसणाऱ्या थोड्याच. त्यांचा बाक बागेत असतो, संध्याकाळी, आणि तिथे ओळख जास्त लवकर घरापर्यंत पोचते. भाजी, गुडघे, सून, नातवंडं यांतून पत्ता आपसूक कळतो. त्यामुळे त्यांच्यातली एखादी दिसली नाही तर त्याच संध्याकाळी कोणीतरी बेल वाजवतं. पुरुषांच्या बाकाने हे उचलायला हवं. मात्र पायरी गाळून चालत नाही. तिसऱ्याच दिवशी जात, पेन्शन किंवा फ्लॅटची किंमत विचारणारा, विमा विकायला येणारा किंवा उसने पैसे मागणारा माणूस बाक रिकामा करतो. इतर लोक भांडत नाहीत, हळूच वेळ बदलतात. वेळ बदलली की सगळीच मंडळी फुटते.

म्हणून मला एक वही सुचवावीशी वाटते. बागेच्या वॉचमनकडे किंवा चहाच्या गल्ल्याखाली ती असावी. ज्याला हवं त्याने स्वतःच्या हाताने नाव, घर आणि परगावच्या एका माणसाचा नंबर लिहावा. कोणी कोणाला आग्रह करू नये. वही एकाच्याच ताब्यात राहावी, फोटो काढून ग्रुपवर टाकायची नाही, कारण एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या पत्त्यांची यादी चुकीच्या हातात पडली तर धोका मोठा आहे. आणि नियम आधीच ठरलेला असावा: न सांगता सलग दोन दिवस दिसलं नाही तर फोन, फोन लागला नाही तर त्याच दिवशी दार. मे महिना असला तरी.