शाखाबदल: गुण तुमचे, जागा दुसऱ्याची

कॅपच्या फेऱ्यांत कॉम्प्युटर मिळत नाही म्हणून चांगल्या कॉलेजात सिव्हिल किंवा मेकॅनिकल घ्यायचे आणि ‘पहिल्या वर्षी अभ्यास करून ब्रँच बदलू’ असे ठरवायचे, हा हिशेब दरवर्षी अनेक घरांत मांडला जातो. वाट खरोखर आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग असे विषय बहुतेक शाखांना सारखे असल्याने, दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर शाखा बदलली तरी फारसे काही मागे राहत नाही. पण किती जणांना बदलता येईल, हे त्यांच्या गुणांआधी रिकाम्या जागा ठरवतात.

कॉम्प्युटरच्या जागा प्रवेशावेळीच भरतात. दुसऱ्या वर्षी तिथे जागा होते ती कोणी कॉलेज सोडले, पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन दुसरीकडे गेले किंवा वर्ष वाया गेले म्हणून. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठीही रिकाम्या जागा वापरल्या जातात, म्हणून शाखाबदलाची यादी त्या प्रवेशांच्या आधी लागते की नंतर, हे विचारून घ्यावे.

दुसरी मर्यादा पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. जी शाखा सोडायची ती ओस पडू नये म्हणून अनेक संस्था तिची किमान पटसंख्या ठरवतात. त्यामुळे समोर जागा असूनही मागचे दार बंद होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी आणि सिव्हिल या तिन्ही शाखांना प्रत्येकी ६० जागा आहेत. कोणत्याही शाखेचा पट मंजूर जागांच्या ८५ टक्क्यांखाली, म्हणजे ५१ खाली, जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. वर्षअखेरीस कॉम्प्युटरला ५८, आयटीला ६० आणि सिव्हिलला ५३ विद्यार्थी आहेत. म्हणजे कॉम्प्युटरला दोन जागा रिकाम्या आहेत आणि सिव्हिलमधून दोघांनाच बाहेर पडता येईल.

अर्ज सीजीपीएच्या क्रमाने पाहिले जातात. पहिली आयटीची मुलगी, ९.४०, तिला कॉम्प्युटर मिळते आणि आयटीत एक जागा सुटते. दुसरा सिव्हिलचा मुलगा, ९.३०, तो कॉम्प्युटरची उरलेली जागा घेतो. तिसरी सिव्हिलचीच मुलगी, ८.९८. कॉम्प्युटर संपले आहे, पण तिने दुसरा पसंतीक्रम आयटी भरला आहे, म्हणून नुकतीच सुटलेली जागा तिला मिळते. आता सिव्हिलचा पट ५१ वर आला. चौथा सिव्हिलचा मुलगा, ८.९१. त्याच्यासाठी आयटीत जागा नाही, आणि असती तरी सिव्हिलमधून त्याला सोडता आले नसते. तिसरीने फक्त कॉम्प्युटर भरले असते, तर आयटीची जागा या मुलाकडे आली असती.

या मुलाचे काय चुकले? पहिल्या सत्रात २० क्रेडिटना त्याला ८.६ मिळाले, दुसऱ्यात २२ क्रेडिटना ९.२. भारित सरासरी ८.९१. चार क्रेडिटच्या एकाच विषयात त्याला एक ग्रेड पॉइंट जास्त मिळाला असता, तर सीजीपीए ९.०१ झाला असता आणि तो तिसरीच्या पुढे गेला असता. म्हणून पहिल्या सत्रातला मोठ्या क्रेडिटचा गणिताचा पेपर हलक्यात घेऊ नये. एक केटी लागली, तर बहुतेक ठिकाणी अर्जाचा हक्कच जातो.

‘कटऑफ’ हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून गैरसमज होतात. एक, अर्ज करण्यासाठी लागणारा किमान सीजीपीए. तो नियमात लिहिलेला असतो. दुसरा, गेल्या वर्षी शेवटची जागा ज्या सीजीपीएवर गेली तो. तो नियम नसून त्या वर्षीच्या जागा आणि अर्जदार यांचा परिणाम असतो. वरच्या उदाहरणात आयटी ८.९८ वर थांबले. पुढच्या वर्षी आयटीतून कोणीच हलले नाही, तर ९.५ वाल्यालाही तिथे जागा मिळणार नाही. सीनियरने सांगितलेला आकडा त्याच्या वर्षापुरताच खरा असतो.

काही आयआयटींनी तर पहिल्या वर्षाचा ताण कमी करण्यासाठी नव्या विद्यार्थ्यांना शाखाबदल बंदच केला आहे. त्यामुळे कॉलेजची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ज्या वर्षी प्रवेश घेतो त्या बॅचला शाखाबदल लागू आहे का, शाखा सोडताना किमान पटाची अट आहे का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हव्या त्या शाखेत प्रत्यक्ष किती जणांना घेतले. या उत्तरांत एक-दोनच नावे निघाली आणि सिव्हिल चार वर्षे शिकायची मुळीच इच्छा नसेल, तर थोडे कमी नावाजलेले पण हवी ती शाखा देणारे कॉलेज घेणे अधिक सुरक्षित. शाखाबदलाच्या भरवशावर प्रवेश घ्यायचा असेल, तर तो न झाल्यासही जी शाखा पूर्ण करायची तयारी आहे, तीच घ्यावी.