दोनशे कोटींसाठी दरवर्षी किती बाजूला ठेवायचे?

पुणे महापालिकेने 2017 साली समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. मुदत 10 वर्षे, व्याज 7.59 टक्के. व्याज वेळोवेळी द्यायचे असते. पण मुद्दल मुदतीअखेर एकदम फेडायचे असेल, तर त्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम साठवावी लागते. हाच कर्जफेड निधी.

अशा 200 कोटींसाठी वर्षाला 20 कोटी लागतील, असे वाटते. तेवढे लागत नाहीत, कारण साठलेली रक्कमही कमावते. समजा, निधीवर 7 टक्के मिळतात आणि भरणा वर्षाअखेरीस होतो. दरवर्षी टाकलेला एक रुपया दहा वर्षांत चक्रवाढीने 13.82 रुपये होतो. दोनशेला त्याने भागले की वार्षिक भरणा येतो सुमारे 14.48 कोटी. म्हणजे खिशातून जातात 145 कोटी, उरलेले 55 कोटी व्याजाचे.

हिशेब चुकतो तो व्याजदराच्या अंदाजात. प्रत्यक्षात 6 टक्केच मिळाले, तर त्याच भरण्यातून जमतील जेमतेम 191 कोटी. पहिल्याच वर्षाचा हप्ता चुकवला, तर 7 टक्के मिळूनही शेवटी 26 कोटींहून अधिक कमी पडतात, कारण सर्वाधिक काळ वाढणारा पैसा तोच.

म्हणून दर सावध धरावा आणि निधीची शिल्लक दरवर्षी अपेक्षित आकड्याशी ताडून पाहावी. वरील उदाहरणात पाचव्या वर्षाअखेर ती 83 कोटींच्या आसपास हवी. कमी असेल, तर भरणा त्याच वर्षी वाढवा.