मांजरासाठी जाळीची गॅलरी

बाहेर हिंडणारं मांजर जेमतेम दोन ते पाच वर्षं जगतं, असं सर्रास सांगितलं जातं. मला हा आकडा पटत नाही, कारण बेवारस मांजर आणि लस टोचलेलं, रात्री घरी परतणारं मांजर त्यात वेगळं काढलेलं नसतं. त्यापेक्षा इंग्लंडमधला २०१५ सालचा अभ्यास पाहावा. तिकडे बहुतेक पाळीव मांजरं बाहेर जातात, तरी निम्मी १४ वर्षं गाठतात. मात्र जी पाचव्या वर्षाच्या आत गेली, त्यांतली जवळपास निम्मी अपघाती इजेने गेली, आणि त्यातही गाडीची धडक सर्वांत जास्त. म्हणजे खरा घात तरुण वयात होतो. आपल्या शहरांत त्यात भटकी कुत्री आणि उंदरांच्या विषाची भर पडते.

म्हणून फ्लॅटमध्ये मांजर घरातच ठेवतात. त्याने ते लठ्ठ होतं, कंटाळतं आणि खिडकीत जाऊन बसतं. समोर कबूतर आलं की झेप घेतं. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. पण जागीच मेलेली मांजरं दवाखान्यात आणतच नाहीत, हे त्या आकड्यात दिसत नाही. पडलेलं मांजर चालत आलं तरी तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, तर छातीला मार बसलेला असू शकतो. त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावं.

माझ्या मते यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे जाळी लावलेली गॅलरी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर चावून तोडू शकतं, शिवाय उन्हाने ती कमजोर होते. स्टीलच्या तारेची जाळी घ्यावी, भोकं इंचभराची. पिल्लाचं डोकं शिरेल तिथून पिल्लू बाहेर पडतं. जाळी वर छतापर्यंत न्यावी, कारण अर्ध्यावर सोडली तर मांजर चढून ओलांडतं. फसगत होते ती बहुधा कोपऱ्यांत: कठड्याखालची फट, पाण्याच्या पाइपाभोवतीची मोकळी जागा, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दांडीचा हुक. काम झाल्यावर सगळीकडे तळहाताने जोरात रेटून पाहावं. पावसाळा संपला की गंजलेले हुक बदलावेत. खिडकीला मच्छरदाणीची जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, मांजराच्या वजनाने ती चौकटीतून निघते.

खाली अंगणात न्यायचं असेल तर गळपट्टा नको, छातीभोवती बसणारा पट्टा हवा. एक बोट कसंबसं जाईल इतका तो घट्ट बांधावा, आणि आधी आठवडाभर घरातच, खाऊ देत देत, अंगवळणी पाडावा. घाबरलेलं मांजर मागे सरकत पट्ट्यातून निसटतं, म्हणून पहिल्या दिवसांत गेट आणि कुत्र्यांपासून लांब, जिन्याजवळच बसावं.